मास्तर, माझे चार रुपये

एसटीचा कंडक्टर एका प्रवाशापाशी फार तर अर्धा मिनिट थांबतो. नोट घ्यायची, मशीनवर टप्पा दाबायचा, तिकीट फाडून हातात द्यायचं, जमलं तर सुटे परत करायचे आणि पुढच्या बाकाकडे सरकायचं. रोजच्या प्रवाशापाशी तर तेवढाही वेळ लागत नाही, कारण त्याला कुठं जायचंय हे विचारावं लागत नाही. बोलका कंडक्टर आणि रोजचा प्रवासी यांच्यातल्या टोलेबाजीवर लघुकथा लिहायची तर हातात एवढाच वेळ असतो. रोज एक वाक्य इकडून, एक तिकडून, फार तर तिसरं. मग मागच्या बाकावरचा माणूस नोट पुढे करून उभाच असतो.

असा विषय सुचतो अनेकांना, पण कथा क्वचित साधते. बहुतेक वेळा चार विनोद एकामागून एक येतात, मग एके दिवशी तो प्रवासी गाडीला येत नाही, त्याची जागा रिकामी दिसते आणि कथा डोळे पुसत संपते. हा शेवट मला पटत नाही. तो कोणत्याही दोन माणसांना लावता येतो: चहावाला आणि गिऱ्हाईक, पेपरवाला आणि आजोबा, कुणीही. एसटीतल्या त्या अर्ध्या मिनिटात जे खास आहे, ते त्यात येतच नाही.

ते खास काय, हे कळायला आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. ही दोन माणसं एकमेकांना टोचून बोलतात आणि तरीही कुणी रागावत नाही, हे कसं?

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांवर एक निबंध लिहिला. काही समाजांत ठरावीक नात्यांमधल्या माणसांनी एकमेकांची टर उडवायची मुभा असते, कधीकधी ती उडवलीच पाहिजे असा दंडकही असतो, आणि दुसऱ्यानं ते मनाला लावून घ्यायचं नसतं, असं त्यांनी दाखवलं. आपल्याला हे नवं नाही. दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी, लग्नातले वरपक्ष-वधूपक्ष यांच्यात चालणारी चेष्टा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. रॅडक्लिफ-ब्राउन यांचं स्पष्टीकरण मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्या नात्यात माणसं एकाच वेळी जवळ बांधलेली असतात आणि वेगळीही असतात, तिथं भांडणाला कायम जागा असते. ती जागा भरून काढायचे दोन मार्ग. एक म्हणजे टोकाचा आदर आणि अंतर, जसं सासरा-जावयात. दुसरा म्हणजे परवानगी असलेला उद्धटपणा.

कंडक्टर आणि रोजचा प्रवासी यांची स्थिती नेमकी अशी आहे. रोज एका गाडीत, एका वेळेला, हाताला हात लागेल इतक्या जवळ. आणि तरी नातं काहीच नाही. भांडणाची कारणं मात्र भरपूर: सुटे पैसे, सामानाचं भाडं, जागा, गाडीचा उशीर. त्यामुळे काही प्रवासी कंडक्टरशी पहिल्यापासून शेवटपर्यंत औपचारिक राहतात आणि काही थट्टेचा रस्ता धरतात. थट्टा धरली की तिचे नियम आपोआप ठरत जातात. कथा त्या नियमांची असते. विनोद हे त्या नियमांचे नमुने.

कंडक्टर बोलका असणं ही कथाकाराची कल्पना नाही, हेही सांगायला हवं. दिवसभर अनोळखी माणसांशी पैशांवरून बोलायचं, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा आणि गाडीतलं वातावरण तापू द्यायचं नाही, हे या कामाचं स्वरूपच आहे. मुंबईच्या बेस्टमध्ये कंडक्टर असलेले बदरुद्दीन काझी प्रवाशांना नकला आणि गमती करून हसवायचे. बलराज साहनींच्या नजरेत ते भरले, त्यांनी गुरुदत्तशी गाठ घालून दिली, आणि १९५१च्या ‘बाजी’पासून ते जॉनी वॉकर म्हणून ओळखले जाऊ लागले. ते बसमध्ये जे करत होते, ते आजही अनेक कंडक्टर करतात. फक्त त्यांना पाहणारा बलराज साहनी गाडीत नसतो.

मराठी वाचकाला एसटीची कथा म्हटलं की पु. लं.ची ‘म्हैस’ आठवते. तिथं गाडीखाली म्हैस सापडते आणि त्या एका घटनेमुळे सगळी गाडी बोलू लागते. आपल्या विषयात तशी घटना नाही. गाडी वेळेवर निघते, वेळेवर पोचते. म्हणून घटना त्या दोघांच्या व्यवहारातूनच काढावी लागते, आणि त्यासाठी कंडक्टरचा व्यवहार माहीत असावा लागतो.

टोमणा खरा की उसना, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. तो कंडक्टरच्या तोंडून काढून शिंप्याच्या तोंडी घालून पाहायचा. तिथंही शोभला, तर तो या कथेचा नाही. ‘आज लई नटून आलायसा’ हे कुणीही कुणालाही म्हणेल. पण २०२३च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागतं. त्यानंतर एखादा कंडक्टर भाजीची बुट्टी घेऊन चढणाऱ्या बाईला म्हणाला, ‘मावशी, तुमचं अर्धं, पर बुट्टीचं फुल्ल हां!’ तर हे वाक्य फक्त एसटीतच जन्मू शकतं. सामानाला वेगळं भाडं लावायचं की नाही, याचा बराचसा निवाडा कंडक्टरच्या हातात असतो. म्हणजे या थट्टेत त्याचा अधिकार आहे, तो अधिकार न वापरण्याची मेहेरबानी आहे, आणि मावशीला ती मेहेरबानी कळली आहे हेही आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, पण शून्य रुपयांचं तिकीट घ्यावंच लागतं. त्या तिकिटावरून आजोबांशी चालणारी गंमतही अशीच, त्या गाडीची आणि त्या काळाची.

आता कथाच रचून पाहू. माणसं काल्पनिक, व्यवहार खरा.

जागा पाटण-कऱ्हाड रस्ता. मावशी पन्नाशी ओलांडलेल्या, मेथी-शेपू-कोथिंबिरीच्या पेंड्या घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं कऱ्हाडच्या मंडईत जाणाऱ्या. कंडक्टर चाळिशीचा. त्या भागात कंडक्टरला ‘मास्तर’ म्हणतात, मावशीही तेच म्हणतात. अर्धं तिकीट सोळा रुपये धरू. मावशी रोज विसाची नोट देतात आणि चार रुपये उरतात. पहिल्या गाडीला कंडक्टरच्या पिशवीत चिल्लर नसते. तो तिकिटाच्या पाठीवर पेनानं ‘४’ लिहितो आणि उतरताना देतो म्हणतो. रोज देतोही. पण मावशींचं वाक्य ठरलेलं आहे.

‘काय मास्तर, माझ्या चार रुपयांवर माडी कुठवर आली?’

‘दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकायचाय. उद्यापास्नं पाच रुपये ठेवा.’

उतरताना चार नाणी हातावर ठेवत तो म्हणतो, ‘घ्या. एक खिडकी कमी केली माडीची.’ गाडीतल्या कॉलेजच्या पोरांना हे पाठ आहे. मावशी चढल्या की ती कान देतात.

लिहिताना मी हा भाग लांबवणार नाही. तीन सकाळी पुरे. दोन सकाळींत वाचकाला नियम कळतात, तिसऱ्या सकाळी वाक्य थोडं बदलतं आणि वाचक त्या पोरांसारखा वाट बघू लागतो. चौथी सकाळ तशीच दाखवली तर तो पानं उलटायला लागतो.

त्यानंतर लगेच एक अडचण येते, आणि ती कामाचीच आहे. एसटीत कंडक्टरची ड्यूटी डेपोत लावली जाते. एकाच फेरीवर तो काही महिने सलग असू शकतो, पण साप्ताहिक सुट्टी असते, रजा असते, त्या दिवशी दुसरा येतो. ‘रोज’ हा शब्द लिहिणाऱ्यानं याचं भान ठेवलं नाही, तर एसटीनं प्रवास करणारा वाचक तिथंच थांबतो. आणि भान ठेवलं, तर एक सुंदर प्रसंग हाती लागतो.

सुट्टीच्या दिवशी बदली कंडक्टर येतो. तरुण आहे, नवा आहे. मावशी सवयीनं म्हणतात, ‘माझ्या चार रुपयांवर तुम्हीबी माडी बांधताय का काय?’ तो मशीनवरून मान वर करतो. ‘मावशी, नीट बोला. पैसे खाणाऱ्यातला वाटलो का मी?’ आणि शोधून शोधून चार रुपये काढून देतो. मावशी गप्प. पोरं खिडकीबाहेर बघू लागतात.

या प्रसंगातून वाचकाला न सांगता कळतं की ती मुभा कंडक्टरच्या खाकी गणवेशाला मिळालेली नव्हती, एका माणसाला होती. वाक्य तेच, पण दुसऱ्या माणसापुढे तो आरोप झाला. पुढे जे घडणार आहे त्याची ही तालीमच आहे, आणि म्हणून हा प्रसंग मला कथेत हवाच.

मुख्य घटना समजून घ्यायला कंडक्टरच्या पिशवीचा हिशोब थोडा पाहावा लागतो. ड्यूटीवर निघताना कंडक्टरजवळ स्वतःचे जे पैसे असतील त्यांची नोंद करावी लागते. त्यानंतर पिशवीत जी रक्कम असेल ती त्या नोंदीत आणि विकलेल्या तिकिटांत बसली पाहिजे. रस्त्यात कुठंही तपासणी पथक गाडीत चढू शकतं. ते प्रवासी मोजतात, प्रत्येकाचं तिकीट पाहतात, मशीनवरचा आकडा घेतात आणि रोकड मोजतात. पैसे घेऊन तिकीट न देणं हा या नोकरीतला सगळ्यात गंभीर दोष मानला जातो. रोकड कमी भरली तर प्रश्न येतो, आणि जास्त भरली तरी येतो, कारण जास्तीचे पैसे आले कुठून, हे सांगावं लागतं.

उतरताना द्यायचे म्हणून थांबवलेले सुटे पैसे म्हणजे काही वेळापुरती जास्तीची रोकड. मावशींचे चार, कुणाचे दोन, कुणाचे पाच. कंडक्टर प्रामाणिक असला तरी गाडी चालू असताना त्याची पिशवी पंधरा-वीस रुपयांनी जड असते. तिकिटांच्या पाठीवरचे आकडे हा त्याचा पुरावा, आणि ती तिकिटं प्रवाशांच्या हातात. म्हणजे त्या क्षणी कंडक्टरची नोकरी थोड्या प्रमाणात प्रवाशांच्या मुठीत असते.

तर, एका सकाळी वाटेत पथकाची जीप आडवी उभी असते. दोघं चढतात. एकजण तिकिटं पाहत मागून पुढे येतो, दुसरा पुढे रोकड मोजतो. मावशी सवयीनं तिकीट उलटं धरतात, पाठीवरचा ‘४’ वर. आणि सवयीनंच बोलतात.

‘हे बघा तिकीट. आन् चार रुपये ह्या मास्तरांकडं हायती. दोन वर्सं झाली, माझ्या पैशावर माडी बांधत्यात.’

नेहमीचं हसू कुठूनच येत नाही. अधिकारी तिकीट हातात घेतो. ‘दोन वर्षं? रोज चार रुपये ठेवतात?’

‘न्हाय वं साहेब, गंमत हाय ती.’

‘गंमत असेल तर गंमत म्हणून सांगा. तक्रार असेल तर तक्रार. मला लिहायचंय.’

पुढे दुसरा अधिकारी म्हणतो, ‘अठरा रुपये जास्त आहेत.’

इथं कथाकारानं घाई करू नये. कंडक्टर काय करतो? तो बोलका आहे, पण या क्षणी बोलला तर प्रवाशावर दबाव टाकल्यासारखं दिसेल, हे त्याला कळतं. म्हणून तो गप्प राहतो. ज्या माणसाचं बोलणं आपण कथाभर ऐकलं, त्याला गप्प बसावं लागण्याचं कारणही त्याच्या नोकरीतूनच येतं. बोलावं लागणार ते मावशींना, आणि त्यांच्याजवळ आता थट्टेचं एकही वाक्य कामाचं उरलेलं नाही.

मावशी उभ्या राहतात. चालत्या गाडीत कधी धरला नसेल तसा वरचा दांडा थांबलेल्या गाडीत घट्ट धरतात आणि म्हणतात, ‘साहेब, कंडक्टर साहेबांनी माझा रुपायाबी कधी ठिवला न्हाय. उतरताना रोज देत्यात. लिवा तसं.’ मग कॉलेजची पोरं एकामागून एक आपली तिकिटं उलटी करून दाखवतात. दोन, पाच, दोन, पाच. मावशींचे चार धरून बेरीज अठरा भरते. अधिकारी टिपण करतो, जबाबावर सही घेतो, दोघं उतरतात. दोन बेल होतात, गाडी निघते.

बाहेरून पाहिलं तर सगळं निभावलं. कंडक्टरवर ठपका आला नाही. पण कथा इथं संपली तर तिला काही अर्थ राहत नाही, कारण जे मोडलं ते अजून दिसलेलंच नाही. मावशींनी दोन वर्षांत प्रथमच त्याला ‘कंडक्टर साहेब’ म्हटलं. खरं आणि गरजेचं तेच होतं, पण त्यामुळे दोघं पुन्हा अंतरावर गेले. थट्टेचा मार्ग बंद होऊन आदराचा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मावशी चढतात. कंडक्टर जवळ येतो, मशीन हातात धरतो आणि विचारतो, ‘कुठं?’

या एका शब्दासाठी मी ही कथा लिहीन. दोन वर्षं जिला एकाच ठिकाणी उतरवलं, तिला ‘कुठं?’ विचारणं. कुणी ऐकलं तर त्यात काही चुकीचं नाही, नियमानं असंच विचारायचं असतं. मावशींना मात्र ते बरोबर लागतं. ‘कऱ्हाड,’ त्या म्हणतात. तो तिकीट देतो आणि तिकिटाबरोबर चार नाणी. डेपोतून निघतानाच त्यानं चिल्लर मागून घेतली आहे, आणि आपल्याजवळच्या पैशांत तिची नोंदही केली आहे. आता त्याचं कुणाचं काही देणं नाही. तिकिटाची पाठ कोरी.

त्या चार रुपयांमुळे रोज सकाळी सुरू झालेलं बोलणं उतरताना पुरं व्हायचं. हिशोब चढतानाच मिटला, तर उतरताना बोलायला निमित्त राहत नाही. लघुकथा लिहिणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगेन: दोन माणसांना बांधणारी वस्तू शोधा, ती जितकी किरकोळ तितकी बरी, आणि मग ती काढून घ्या. आसवांनी किंवा भाषणानं जे साधत नाही, ते चार नाणी वेळेवर परत केल्यानं साधतं.

असे काही दिवस जातात. कथेत याला दोन ओळी पुरेत.

आता माफीचा मोह होतो. मावशींनी म्हणावं, ‘चुकलं माझं मास्तर’. त्यानं म्हणावं, ‘असूं द्या मावशी.’ माझ्या मते हा मोह टाळायलाच हवा. थट्टेच्या नात्यात माफी मागितली की आपण थट्टा केली नव्हती, अपमान केला होता, अशी कबुली दिल्यासारखं होतं. तिथून परत यायचा रस्ता थट्टेतूनच जातो, आणि जिच्या वाक्यानं तो मोडला तिनंच तो पुन्हा धरायला हवा. त्यातही तेच वाक्य. नवा, निरुपद्रवी विनोद केला तर जुना विनोद खरंच आरोप होता असं ठरेल.

म्हणून एका सकाळी तो तिकीट आणि चार नाणी पुढे करतो, तेव्हा मावशी फक्त तिकीट घेतात.

‘हे आत्ता नगं. उतरताना द्या. स्लॅब अर्धवट ऱ्हायला न्हवं का तुमचा?’

गाडी भरलेली आहे. बदली कंडक्टरच्या वेळी जी पोरं खिडकीबाहेर बघत होती, ती आता दोघांकडे बघताहेत. कंडक्टर नाण्यांकडे बघतो. ती घ्यायची म्हणजे पुन्हा जास्तीची रोकड, पुन्हा तीच जोखीम, आणि हे त्या दोघांनाही ठाऊक आहे. तो नाणी पिशवीत टाकतो, मावशींच्या हातातलं तिकीट परत घेतो, उलटं करतो आणि पेन शोधू लागतो.

‘बुट्टीचं लगेज लावतो आता,’ तो म्हणतो. ‘सिमेंट महागलंय.’

कथा मी इथं थांबवीन. मागून कुणीतरी हसलं, गाडी घाटातून निघाली, नदीवर धुकं होतं, असलं काही जोडणार नाही. टोला परत आला, व्यवहार पुरा झाला.

लिहायला बसणाऱ्यासाठी दोन निर्णय अजून उरतात. पहिला, कथा कुणी सांगायची. कंडक्टरनं सांगितली तर पिशवीचा हिशोब सोपा होतो, पण ‘कुठं?’ विचारताना त्याच्या मनात काय होतं तेही सांगावं लागतं, आणि ते सांगितलं की त्या शब्दाची धार जाते. मावशींनी सांगितली तर तपासणीचा प्रसंग आतून दिसतो, पण त्यांना पश्चात्ताप बोलून दाखवावा लागतो. मला कॉलेजच्या पोरांपैकी एक बरा वाटतो. तो रोज ऐकतो, दोघांपैकी कुणाच्या मनात शिरू शकत नाही, आणि तपासणीच्या दिवशी तिकीट उलटं करायचं की नाही, हे त्यालाही ठरवावं लागतं. त्याच्या तिकिटामागचे दोन रुपये त्याला या व्यवहारात ओढतात. मात्र त्यानं स्वतःबद्दल फार बोलू नये. त्याच्या परीक्षा, त्याचं प्रेमप्रकरण, यातलं काही आलं की मावशी आणि मास्तर मागे पडतात.

बोलीचाही इथंच विचार करावा. मावशी आणि कंडक्टर यांचं बोलणं कऱ्हाड-पाटणकडचं, पण कंडक्टर अधिकाऱ्यांशी बोलेल तेव्हा त्याची भाषा कागदी होईल, आणि बदली कंडक्टरची भाषा पहिल्यापासून थोडी कागदीच हवी. प्रत्येक क्रियापदाला बोलीचा रंग द्यायची गरज नाही. दर वाक्यात एखादं ‘न्हवं’, ‘हायती’, ‘देत्यात’ आलं की वाचकाच्या कानात सूर लागतो. त्याहून जास्त झालं तर तो अर्थ लावत बसतो आणि टोला चुकतो, कारण टोला कळायला एक क्षणच मिळतो.

दुसरा निर्णय काळाचा. एसटीच्या नव्या मशीनवर आता मोबाइलनं पैसे देता येतात. कोड दाखवला, सोळाच्या सोळा रुपये गेले, चार उरलेच नाहीत. कॉलेजची पोरं तसंच करू लागली आहेत असं दाखवलं, तर तपासणीच्या दिवशी त्यांच्या तिकिटांच्या पाठीवर आकडे राहणार नाहीत आणि अठराची बेरीज भरणार नाही. तेव्हा कथा आजची लिहायची असेल, तर गाडीतली किती माणसं अजून नोटा देतात हे आधी ठरवून घ्यावं. नाहीतर अर्धं तिकीट सुरू झालेल्या पण मोबाइल सगळ्यांच्या हातात न आलेल्या मधल्या काळात ती बसवावी. आणि मावशींच्या हातातही मोबाइल द्यायचाच असेल, तर चार रुपयांचा मोह सोडून बुट्टीच्या भाड्यावर सगळी कथा नव्यानं उभी करावी लागेल. तेही जमेल. बुट्टीचं वजन कंडक्टर नजरेनं करतो आणि त्याची कुठं नोंद नसते. पथक चढल्यावर ती बुट्टी बाकाखाली कुणी सरकवली, हा प्रश्न चार रुपयांइतकाच अडचणीचा आहे.